परदेशी बियाण्याच्या पाकिटावरील सूचना : भाषांतर बरोबर, हंगाम वेगळा



आपल्या कार्यक्षेत्रातील बऱ्याच घरची मुले आता शिक्षणासाठी वा नोकरीसाठी इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांत आहेत. सुट्टीवर येताना कोणी तिकडच्या बियाण्याची रंगीत पाकिटे घेऊन येतो. पाकिटावर मोठा देखणा कांदा, लालबुंद गाजर, हातभर मक्याचे कणीस. मागील बाजूस बारीक अक्षरात पेरणीच्या सूचना असतात. घरातला शिकलेला मुलगा त्याचे मराठी करून देतो, आणि मग "तिकडचं बियाणं आहे, करून तर बघू" म्हणून उसातल्या वरंब्यावर ते लावले जाते. शेतकी खात्याकडे अशी पाकिटे वाचून घ्यायला सभासद येतात, म्हणून हा विषय या अंकात घेतला आहे. सगळ्या पिकांचे एकदम सांगत बसण्यापेक्षा एकच पाकीट घेऊ, आणि तेही कांद्याचे. कारण कांदा हे आपल्याकडचे नेहमीचे आंतरपीक आहे, आणि पाकिटावरची सूचना नेमकी कुठे दगा देते हे कांद्यात जितके स्वच्छ दिसते तितके दुसऱ्या कशात दिसत नाही.

त्याआधी एक कायद्याची गोष्ट. परदेशातून बियाणे आणण्यासाठी केंद्र सरकारचा २००३ सालचा प्लँट क्वारंटाइन आदेश लागू आहे. आयात परवाना आणि त्या देशाचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र असल्याशिवाय बॅगेतून किंवा टपालाने बियाणे आणता येत नाही, मग ते पाकीट चार आण्याच्या आकाराचे का असेना. हा नियम कागदी नाही. बियाण्याबरोबर आपल्याकडे नसलेले रोग आणि तणे येतात, आणि एकदा जमिनीत उतरली की निघत नाहीत. तेव्हा मुलांना "येताना बी घेऊन ये" असे सांगू नये. रीतसर आयात झालेले बियाणे दुकानात मिळते. पण त्याच्या डब्यावरही पुष्कळदा मूळ देशातल्याच सूचना छापलेल्या असतात, म्हणून त्या वाचता येणे गरजेचे आहेच.

आता पाकीट उलटून पाहू. इंग्लंडमधल्या कांद्याच्या पाकिटावर साधारण असा मजकूर असतो : जानेवारी-फेब्रुवारीत काचेखाली पेरा, किंवा मार्च-एप्रिलमध्ये उघड्यावर पेरा. भरपूर ऊन मिळेल अशी जागा निवडा. माती बारीक करून अर्धा इंच खोल ड्रिलमध्ये विरळ पेरा. दोन ड्रिलमध्ये १२ इंच अंतर ठेवा. रोपे मोठी झाली की ४ इंचावर थिन करा. काचेखालची रोपे बाहेर लावण्यापूर्वी हार्डन ऑफ करा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पात आडवी पडली की काढा.

यातला प्रत्येक शब्द मराठीत आणता येतो. ड्रिल म्हणजे पाभर नव्हे. बोटाने किंवा खुरप्याच्या टोकाने ओढलेली उथळ रेघ, म्हणजे आपली काकरी. थिन करणे म्हणजे विरळणी. काचेखाली म्हणजे काचेचे छप्पर असलेल्या खोलीत किंवा काचेचे झाकण असलेल्या पेटीत, कारण बाहेर बर्फ असते. हार्डन ऑफ म्हणजे आतल्या उबेला सरावलेली रोपे रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून थंडीची सवय लावणे. आपल्याकडे थंडीची सवय लावायची नसते, उन्हाची आणि पाण्याच्या ताणाची लावायची असते. म्हणून आपण लागणीआधी चार-सहा दिवस गादीवाफ्याचे पाणी तोडतो. शब्द तोच, काम उलटे.

"भरपूर ऊन" या शब्दाचेही असेच आहे. तिकडे सूर्य खालून जातो, ढगाळ दिवस पुष्कळ, म्हणून घराच्या किंवा झाडाच्या सावलीत पीक घेऊ नका असा त्याचा अर्थ. आपल्याकडे मोकळ्या शिवारात ऊन मागावे लागत नाही. उलट एप्रिलच्या उन्हात कोवळ्या रोपावर शेडनेट धरायची वेळ येते.

पाकिटावर सर्वात जास्त वेळा येणारा आणि आपल्याला सर्वात जास्त फसवणारा शब्द म्हणजे "लास्ट फ्रॉस्ट", शेवटचे फ्रॉस्ट. फ्रॉस्ट म्हणजे दव नव्हे आणि धुकेही नव्हे. जमिनीलगत तापमान शून्य अंशाखाली गेले की दवाचा बर्फ होतो आणि कोवळे रोप एका रात्रीत करपते, त्याला फ्रॉस्ट म्हणतात. दक्षिण इंग्लंडमध्ये हे एप्रिलअखेर किंवा मेच्या मध्यापर्यंत पडू शकते. तिकडचा शेतकरी आपले सगळे वेळापत्रक या एका तारखेपासून पुढे-मागे मोजतो, जसे आपण मृगापासून मोजतो. "लास्ट फ्रॉस्टनंतर पेरा" याचे मराठी कोणीही "थंडी संपल्यावर पेरा" असे करील, आणि भाषांतर म्हणून ते बरोबरच आहे. पण आपल्याकडे थंडी संपते फेब्रुवारीच्या शेवटी. त्यानंतर लागतो तो उन्हाळा, वसंत फक्त पंचांगात. मार्चमध्ये पेरलेले थंड हवेचे पीक एप्रिल-मेच्या चाळीस अंशात सापडते.

मग महिना कसा बदलून घ्यायचा? यासाठी तापमान धरावे. लंडनला भर उन्हाळ्यात, जुलै महिन्यात, दुपारचे तापमान सरासरी २३-२४ अंश आणि रात्रीचे १४-१५ अंश असते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत दुपारी २८-३० आणि पहाटे १२ ते १५ अंश असते. म्हणजे त्यांचा उन्हाळा हा हवेच्या दृष्टीने जवळजवळ आपला हिवाळा. पाकिटावर "मार्च ते जुलै" असेल तर आपण "ऑक्टोबर ते डिसेंबर" वाचावे. गाजराच्या बाबतीत हे चांगले जमते. नँटिस प्रकारचे नारिंगी गाजर तिकडे वसंतात पेरतात, आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरले की थंडीत रंग आणि गोडी धरते. फ्लॉवर, कोबी, बीट यांनाही ढोबळमानाने हाच हिशेब लागू पडतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे पाकीट असेल तर मात्र आधी हे लक्षात घ्यावे की तिथे ऋतू उलटे आहेत. त्यांचा शरद मार्चमध्ये सुरू होतो आणि भर थंडी जुलैत असते. तिथे महिन्याचे नाव सोडून ऋतूचे नाव वाचावे आणि मग हवामान ताडावे.

हा तापमानाचा हिशेब पुष्कळ पिकांना पुरतो, पण कांद्याला पुरत नाही. हे नुसते सांगून पटत नाही, म्हणून आपल्याच एका गटात घडलेली हकीकत देतो.

एका सभासदांच्या घरी २०२२ साली इंग्लंडहून कांद्याचे बी आले होते, वजन १०० ग्रॅम. सभासद अनुभवी आहेत, आबा म्हणून सगळे त्यांना ओळखतात. पुतण्याने सूचनांचे मराठी करून दिले. "मार्च" वाचून आबा हसले. मार्चमध्ये कांद्याचे रोप टाकायला आपण वेडे आहोत का, असे म्हणून त्यांनी आपल्या रिवाजाप्रमाणे ऑक्टोबरच्या मध्यास गादीवाफ्यावर रोप टाकले. म्हणजे हंगामाचे भाषांतर त्यांनी स्वतःच्या अकलेने केले, आणि तापमानाच्या दृष्टीने ते अगदी बरोबर केले. नोव्हेंबरात चार फुटी सरीत को ८६०३२ ची पूर्वहंगामी लागण झाली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वरंब्याच्या दोन्ही बगलांना १० सेंटिमीटरवर कांद्याची रोपे लावली.

कांद्याच्या एका ग्रॅममध्ये साधारण अडीचशे ते सव्वातीनशे बिया असतात. त्यामुळे १०० ग्रॅमचे पंचवीस हजार धरले आणि मर-तूट जाऊन अठरा हजार रोपे हाती आली असे धरले तर किती रान लागेल? चार फुटी सरीला एकरात १०,८९० फूट, म्हणजे सुमारे ३,३२० मीटर वरंबा येतो. एका बगलेला मीटरला दहा रोपे, दोन बगला मिळून एकरी साधारण ६६,००० रोपे, म्हणजे गुंठ्याला साडेसोळाशे. अठरा हजार रोपे अकरा गुंठ्यांत बसली. पन्नास-साठ ग्रॅमचा मध्यम कांदा धरला तरी नऊ-दहा क्विंटल माल निघायला हवा होता.

पीक जोमदार आले. पात हिरवीगार, रोगराई नाही. शेजारच्या सरीत आपला नेहमीचा एन-२-४-१ होता, तो मार्चमध्ये पोसू लागला. इंग्लंडचा कांदा मात्र नुसता वाढतच राहिला. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात उसाची मोठी बांधणी करायची वेळ आली तेव्हा आबांनी त्या अकरा गुंठ्यांची बांधणी मागे ठेवली. पात इतकी चांगली आहे तर कांदा उशिरा का होईना धरणारच, असा त्यांचा अंदाज. एप्रिल संपत आला तेव्हा त्यांनी मला रानात बोलावले. म्हणाले, "साहेब, पात झकास आहे, पण कांदा कुठाय?"

रोप उपटून पाहिले. मान अंगठ्याएवढी जाड, खाली तितक्याच जाडीचा पांढरा दांडा, आणि मधून नवी पात निघतेच आहे. उभा चिरला तर आत प्रत्येक पापुद्र्याला वर पात जोडलेली. कांदा धरू लागतो तेव्हा असे नसते. तेव्हा आतले नवे पापुद्रे पात न फोडता नुसतेच जाड होऊ लागतात, नवी पात यायची थांबते आणि मान मऊ पडते. मापाने बघायचे असेल तर बुडाची सर्वात जास्त रुंदी आणि मानेची सर्वात कमी रुंदी मोजावी. बूड मानेच्या दुपटीहून जास्त झाले तर कांदा धरला असे समजावे. आबांच्या रानात बूड आणि मान जवळजवळ सारखीच होती. "आणखी महिनाभर थांबतो," असे ते म्हणाले. मी सांगितले, आबा, महिनाच काय, जूनपर्यंत थांबलात तरी हा कांदा धरणार नाही.

त्याचे कारण असे आहे. कांदा पोसण्याची वेळ कांदा नुसत्या थंडी-उन्हावरून ठरवत नाही, तो दिवसाची लांबी मोजतो. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचे तास त्याच्या जातीच्या ठराविक मर्यादेपुढे गेले की पाने वाढवायचे थांबवून तो अन्न बुडात साठवू लागतो. उष्णता या कामाला वेग देते, पण सुरुवात करून देतो तो दिवसाचा प्रकाश. जातीगणिक ही मर्यादा वेगळी आहे. आपल्याकडच्या जातींना ११ ते १२ तासांचा दिवस पुरतो, यांना कमी दिवसाच्या जाती म्हणतात. इंग्लंड आणि उत्तर युरोपच्या जातींना १४ तासांहून मोठा, काहींना १६ तासांच्या आसपासचा दिवस लागतो. या लांब दिवसाच्या जाती. या दोहोंच्या मधल्याही काही जाती आहेत.

लंडनला २१ जूनला दिवस साडेसोळा तासांहून मोठा असतो. आपल्या भागात, १७ अक्षांशाच्या आसपास, वर्षातला सर्वात मोठा दिवस १३ तास आणि आठ-दहा मिनिटांचा, आणि सर्वात लहान साधारण ११ तासांचा. म्हणजे १४ तासांचा दिवस आपल्या शिवारात वर्षभरात एकदाही उगवत नाही. आबांचा कांदा ज्या इशाऱ्याची वाट पाहत होता तो इशारा इथे येतच नाही. खत वाढवून, पाणी तोडून किंवा पात लोळवून तो आणता येत नाही. आणि लागण मार्चमध्ये केली असती तरी निकाल हाच होता.

हे पडताळून पाहायला कोणत्याही यंत्राची गरज नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात सूर्योदय-सूर्यास्त दिलेले असतात, पंचांगात तर दिनमान म्हणून दिवसाची लांबीच दिलेली असते. जूनमधले दिनमान पाहिले तर ते ३३ घटींच्या आतच राहते. लंडनचे दिनमान घटीत मांडले तर ४१ च्या वर जाईल. पंचांग मुहूर्तासाठी आपण रोज उघडतो, त्यातला हा रकाना मात्र शेतीच्या उपयोगाचा असून कोणी बघत नाही.

ऊस करणाऱ्याला ही गोष्ट तशी परकी नाही. उसाला तुरा येतो तोही दिवसाच्या लांबीवरच. ऑगस्ट-सप्टेंबरात दिवस लहान होत जातात आणि सुमारे साडेबारा तासांच्या आसपास येतात, त्या दिवसांत तयार झालेल्या उसाच्या शेंड्यात तुऱ्याचा कोंब धरला जातो, आणि पुढे दिवाळीच्या आसपास किंवा त्यानंतर तो आपल्याला दिसतो. उत्तर हिंदुस्थानात ऊस क्वचितच तुरतो, कोइमतूरला मोकळेपणाने तुरतो. म्हणूनच १९१२ साली ऊस पैदास केंद्र कोइमतूरला निघाले आणि "को" जाती तिथून आल्या. उसात आपण हे मानतो, पण पाकिटावरच्या कांद्यात तेच असेल असे मनात येत नाही.

उलट बाजूनेही असेच होते. आपला कांदा इंग्लंडमध्ये एप्रिलला लावला तर त्या वेळी तिथला दिवस आधीच तेरा-चौदा तासांचा असतो. त्याला वाटते वेळ झाली, आणि चार पाने असतानाच तो पोसू लागतो. कांदा धरतो, पण गोटीएवढा. तेव्हा यात तिकडचे बियाणे हलके आणि आपले भारी, किंवा आपले हलके आणि तिकडचे भारी, असा प्रश्नच नाही. परदेशी म्हणून प्रत्येक बियाणे निरुपयोगी असेही नाही. अर्ली ग्रॅनो हा मूळचा अमेरिकेतल्या टेक्सासचा कांदा. टेक्सास दक्षिणेला आहे आणि ही कमी दिवसाची जात आहे, म्हणून आपल्या देशात तो धरतो. कच्चा खायला गोड, फक्त टिकायला कमी. पाकिटावर देशाचे नाव पाहण्यापेक्षा "शॉर्ट डे" की "लाँग डे" हे शब्द शोधावेत. अमेरिकन पाकिटावर ते बहुधा छापलेले असतात. इंग्लंडच्या पाकिटावर बहुधा नसतात, कारण तिथे विकायचे ते सगळे लांब दिवसाचेच, मग छापायचे कशाला? तिथल्या माणसाला जे सांगावे लागत नाही तेच नेमके आपल्याला माहीत असायला हवे, आणि ते कितीही चांगले भाषांतर केले तरी पाकिटातून निघत नाही, कारण ते तिथे लिहिलेलेच नाही. ऐल्सा क्रेग ही इंग्रज बागवानांची आवडती मोठ्या कांद्याची जात अशीच लांब दिवसाची आहे. ते नाव दिसले तर आपल्याकडे कांद्यासाठी लावू नये.

नुकसान फक्त कांद्याचे झाले असते तर मी एवढे लिहिले नसते. पूर्वहंगामी उसाला नत्राचा शिफारस केलेला हप्ता लागणीला १० टक्के, सहा-आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा-सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला उरलेला ४० टक्के असा असतो. कांदा उभा असल्याने त्या अकरा गुंठ्यांत बांधणी मेच्या पहिल्या आठवड्यावर गेली, म्हणजे नत्राचा ४० टक्के हप्ता सहा आठवडे उशिरा पडला. बांधणीने उसाच्या बुडाला माती लागते आणि उशिराचे फुटवे दबतात, तेही झाले नाही. शेजारच्या वेळेवर बांधलेल्या सऱ्यांशी ताडून पाहता उशिराच्या फुटव्यांची गर्दी नजरेला दिसत होती. आंतरपीक घेताना नियम असा आहे की मुख्य उसाच्या बांधणीची तारीख आंतरपिकासाठी हलवायची नाही. पाकिटावर "ऑगस्टमध्ये काढणी" असे लिहिलेले पीक उसात घालण्याआधी आपल्याकडे ते बांधणीपूर्वी निघेल काय, एवढा एक प्रश्न विचारावा. आबांनी शेवटी सगळी पात मुळासकट उपटून जुड्या बांधून आठवडी बाजारात पातीचा कांदा म्हणून विकली. खर्च निघाला, एवढेच. पातीसाठीच घ्यायचे असेल तर लांब दिवसाची जात वाईट नाही, कारण ती धरतच नाही आणि पात कोवळी राहते. पण मग ती जानेवारीअखेरच उपटावी.

आता अंतराविषयी. पाकिटावर दोन ओळींत १२ इंच आणि दोन रोपांत ४ इंच, म्हणजे ३० बाय १० सेंटिमीटर. हिशेब केला तर एकरात सुमारे १ लाख ३५ हजार रोपे बसतात. आपण सपाट वाफ्यात १५ बाय १० सेंटिमीटरवर लावतो, त्यात २ लाख ७० हजार, बरोबर दुप्पट. पाकिटावरचे अंतर चूक आहे असे नाही. ते परसबागेसाठी आहे, जिथे दोन ओळींतून हातकोळपे चालवायचे असते, आणि अर्ध्या किलोचा एकेक कांदा पिकवून प्रदर्शनात मांडायची तिकडे हौस आहे. आपल्या बाजारात मध्यम कांद्याला मागणी. अंतर वाढवले की कांदा मोठा होतो, मान जाड राहते, आणि जाड मानेचा कांदा चाळीत टिकत नाही. तेव्हा कमी दिवसाच्या परदेशी जातीलाही अंतर आपलेच ठेवावे, फक्त सॅलडचा मोठा कांदा मुद्दाम हवा असेल तर थोडे वाढवावे. उसातल्या वरंब्यावर तर अंतर सरी ठरवते, पाकीट नव्हे.

बरीचशी पाकिटे सरळ जागेवर पेरून विरळणी करायला सांगतात. तिकडे पावसाची भुरभुर चालू असते, माती हलकी असते. आपल्या काळ्या रानात बी अर्धा इंच खोल टाकून वरून पाणी सोडले की दोन दिवसांत वर पापडी धरते आणि कांद्याचा वाकडा कोंब ती फोडू शकत नाही. म्हणून आपले गादीवाफेच बरे : रुंदी एक मीटर, उंची १५ सेंटिमीटर, पाच सेंटिमीटरवर आडव्या रेघा, एक सेंटिमीटर खोल बी, वर बारीक शेणखत आणि झारीने पाणी.

काही किरकोळ शब्द राहिले. "बोल्ट" म्हणजे डेंगळे येणे. "डेज टु मॅच्युरिटी ११०" असे लिहिले असेल तर ते दिवस कुठून मोजले ते पाहावे. टोमॅटो-मिरचीसारख्या रोपाच्या पिकात अमेरिकन पाकिटे बहुधा लागणीपासून मोजतात, पेरणीपासून नव्हे. त्यामुळे आपल्या हिशेबात पाच-सहा आठवड्यांची तूट येते, आणि उसाच्या बांधणीशी गाठ घालताना ती तूट महागात पडते. अंश फॅरनहाइटमध्ये असतील तर ३२ वजा करून ५ ने गुणावे आणि ९ ने भागावे. "उगवणीस ७० ते ७५" म्हणजे २१ ते २४ अंश, पाणी उकळायचे नाही. "एफ-वन" म्हणजे संकरित, त्याचे बी पुढच्या वर्षासाठी धरू नये. "ट्रीटेड" असेल आणि बियांना निळा-गुलाबी रंग असेल तर ते औषध लावलेले बी आहे, उरलेले कोंबड्यांना टाकू नये.

"सो बाय" म्हणजे या तारखेपर्यंत पेरा. कांद्याचे बी मुळात अल्पायुषी, आणि आपल्या पावसाळ्याच्या दमट हवेत एक हंगाम उघडे राहिले तर तारीख पुढची असली तरी उगवण घसरते. शंभर बिया ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवाव्यात, फडके सुकू देऊ नये, दहाव्या दिवशी कोंब मोजावेत. सत्तरच्या खाली निघाले तर बी जास्त टाकावे, पन्नासच्या खाली निघाले तर रोप टाकण्याची मजुरी वाया घालवू नये.